नमस्कार लावला म्हणून निरोप सभ्य होत नाही

‘सर उद्या ११ ला मीटिंग लावतो. रिजेक्शनचं बघायला पाहिजे. सगळ्यांना घेऊन बसा.’

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीतून पुण्याच्या ग्राहक कंपनीच्या गुणवत्ता विभागप्रमुखांना मंगळवारी रात्री पावणेदहाला हा व्हॉट्सॲप गेला, असं समजा. लिहिणाऱ्याच्या मनात उद्धटपणा नाही. तो बोलतो तसाच लिहितो. समोर बसून हेच म्हणाला असता तर आधी चहा झाला असता, तोंडावर थोडं हसू असतं आणि शेवटी आपल्याकडचा तो ‘की’ लागला असता: ‘घेऊन बसा की’. फोनच्या पडद्यावर यातलं काहीच पोचत नाही. उरतो तो हुकूम, तोही माल पुरवणाऱ्याकडून माल घेणाऱ्याला.

यावर जो उपाय सर्रास सांगितला जातो तो असा: वर ‘आदरणीय महोदय’ घाला, मधे ‘कृपया’ पेरा, खाली ‘आपला विश्वासू’ लिहा, आणि जमलं तर सगळंच इंग्रजीत करा. मग निरोप तयार होतो: ‘आदरणीय महोदय, सादर नमस्कार. कृपया उद्या ११ वाजता आयोजित बैठकीस सर्व संबंधितांसह उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.’ शब्द वाढले. पण कसली बैठक, किती वेळाची, फोनवर की समोरासमोर, ‘संबंधित’ म्हणजे कोण आणि अकरा वाजता जमत नसेल तर काय, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. उलट आधीच्या वाक्यातली मोकळीक गेली आणि ग्रामपंचायतीच्या सभेची नोटीस हातात आली. ‘उपस्थित राहावे’ हा वरच्या खुर्चीवरून खाली येणारा सूर आहे. पुरवठादारानं ग्राहकाला तो लावला तर ‘कृपया’ कितीही वेळा लिहिलं तरी सूर बदलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वेळ ठरवण्याच्या निरोपातली औपचारिकता मायन्यात नसते. समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला जेवढं लागतं तेवढं सगळं हातात देणं आणि ‘नाही’ म्हणायची वाट उघडी ठेवणं, यात ती असते. ही दोन कामं केली की साध्या मराठीतला निरोपही कुठल्याही कंपनीच्या टेबलावर चालतो.

वरचा निरोप नेमका कुठे मोडतो ते आधी पाहू. पहिली गडबड ‘उद्या’त आहे. मंगळवारी रात्री लिहिलेला ‘उद्या’ म्हणजे बुधवार. पण साहेबांनी तो बुधवारी सकाळी आठला वाचला तर त्यांच्यासाठी उद्या म्हणजे गुरुवार. वर वेळ छापलेली असते हे खरं, पण घाईत ती कोण बघतो? त्यातून त्यांनी तो मशिन शॉपच्या माणसाला पुढे पाठवला की त्याच्या फोनवर पाठवल्याची वेळ वेगळीच दिसते. आता तीन माणसांचे दोन ‘उद्या’ झाले. ‘पुढच्या सोमवारी’चंही तसंच: कुणाला तो चार दिवसांवरचा वाटतो, कुणाला त्यानंतरचा. त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही लिहायची. एकात चूक झाली तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि वाचणारा विचारतो. नुसती तारीख चुकली तर कुणालाच कळत नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘लावतो’ म्हटलं की निर्णय झालेला असतो, समोरच्यानं फक्त यायचं. इथे वेळ कुणाची आहे ते आधी ठरवायला हवं. ज्याच्याकडून आपल्याला काही हवं आहे, त्याची वेळ त्याची असते. आपण सुचवायचं, ठरवायचं त्यानं. म्हणून ‘लावतो’च्या जागी ‘ठेवता येईल का’ येतं. एवढ्या एका बदलानं जे होतं ते तीन ‘कृपयां’नी होत नाही.

तिसरी गोष्ट या धंद्यातल्या माणसालाच कळेल: ‘रिजेक्शन’. हा शब्द पुरवठादारानं स्वतः लिहिला की माल नाकारला गेला हे त्यानं लेखी मान्य केल्यासारखं होतं. ग्राहक उद्या डेबिट नोट काढताना नुसती कास्टिंगची किंमत धरत नाही, तिच्यावर झालेल्या मशिनिंगचा खर्चही धरू शकतो. दोष मातीचा, धातूचा की मशिनवर पकडण्याचा हे अजून कुणी पाहिलेलं नसताना निकाल का लिहून द्यायचा? जे दिसलं तेवढंच लिहावं: मशिनिंगनंतर अमुक नगांत ब्लोहोल, म्हणजे धातूतली पोकळ भोकं, दिसले. यात लपवाछपवी नाही आणि कबुलीही नाही.

आता हा निरोप नव्याने बांधू. समजा, पंप केसिंगचे २४० नग गेले होते, मशिनिंग झाल्यावर १८ नगांत भोकं दिसली आणि याच केसिंगची पुढची हीट, म्हणजे धातू वितळवून ओतायची पाळी, शुक्रवारी सकाळी आहे. म्हणजे बोलणं गुरुवारपर्यंत व्हायला हवं, नाहीतर तोच दोष घेऊन आणखी नग ओतले जातील. लिहिण्याआधी एवढं स्वतःशी ठरलं की निरोप जवळजवळ आपोआप लिहिला जातो:

> नमस्कार सर. पंप केसिंगच्या २४० नगांपैकी १८ नगांत मशिनिंगनंतर ब्लोहोल दिसल्याचं कळलं. त्याविषयी गुरुवारी, १२ मार्चला अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठेवता येईल का?
>
> सकाळी ११:०० ते ११:३० किंवा दुपारी ३:३० ते ४:००, यांपैकी आपल्याला सोयीची वेळ कळवावी. दोन्ही जमत नसतील तर गुरुवारीच दुसरी वेळ सुचवावी.
>
> आमच्याकडून मी आणि मेल्टिंगचे सुपरवायझर असू. आपल्याकडून मशिन शॉपचे कुणी असतील तर भोकं कुठल्या बाजूला आहेत ते लगेच ठरेल. त्या नगांचे फोटो कॉलआधी मिळाले तर बरं होईल.
>
> शुक्रवारी सकाळी याच केसिंगची पुढची हीट आहे. त्याआधी बोलणं झालं तर तिच्यात बदल करता येईल.
>
> बुधवारी दुपारी ४ पर्यंत आपलं उत्तर मिळालं नाही तर मी साडेचारला फोन करतो.

खाली नाव, हुद्दा आणि फाउंड्रीचं नाव. साहेबांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला असेलच, असं धरून चालू नये.

यातला एकही शब्द जड नाही. ‘महोदय’ नाही, ‘विश्वासू’ नाही. तरी हा निरोप कंपनीच्या संचालकाला जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. व्यावसायिक निरोपाची माझ्या लेखी हीच कसोटी आहे: तो तिसऱ्या माणसाकडे गेला तर सोबत काही समजावून सांगावं लागतं का?

पहिल्या दोन-तीन वाक्यांतच विषय आणि दिवस का आणले, त्यालाही कारण आहे. बंद पडद्यावर निरोपाची सुरुवातच तेवढी दिसते. तिथे ‘आदरणीय महोदय, सादर नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा’ एवढंच दिसलं तर माणूस तो नंतर वाचायला ठेवतो. ईमेल असेल तर विषयाच्या ओळीत ‘मीटिंगबाबत’ न लिहिता ‘पंप केसिंग ब्लोहोल: गुरु. १२ मार्च, अर्ध्या तासाचा कॉल’ असं लिहावं. महिन्याभरानं शोधतानाही तीच ओळ सापडते.

दोन वेळा दिल्या आहेत. एक नाही आणि पाचही नाहीत. एक दिली की ती आज्ञा होते. पाच दिल्या की समोरच्याला आपली डायरी उघडून त्या पाचांशी ताडत बसावं लागतं. आणि ‘आपल्या सोयीनुसार कधीही’ हे तर सगळ्यांत फसवं. दिसायला ते फार नम्र आहे, पण वेळ शोधायचं सगळं काम ते समोरच्यावर टाकतं. मग ‘गुरुवारी चालेल?’, ‘गुरुवारी कधी?’, ‘दुपारनंतर’, ‘दुपारी हीट आहे’ असा खेळ सुरू होतो आणि शुक्रवार उजाडतो. दोन वेळा सकाळ-दुपार अशा लांब ठेवल्यात, कारण ज्याची सकाळ भरलेली असते त्याला अकराऐवजी साडेअकरा देऊन काही उपयोग नसतो.

‘सगळ्यांना घेऊन बसा’ची जागा मशिन शॉपच्या एका माणसानं घेतली, ती कामाच्या हिशेबानं. साच्यात अडकलेला वायू वर चढतो. त्यामुळे भोकं कोपच्या, म्हणजे वरच्या पेटीच्या बाजूला दाट असतील तर मातीतला ओलावा, मातीतून वायू न निसटणं किंवा कोअर नीट न सुकणं इकडे संशय जातो. ती एकाच कोपऱ्यात, जाड भागाच्या पोटात आणि खडबडीत कडांची असतील तर तो आकसण्याचा दोष असू शकतो आणि उपाय रायझरकडे, म्हणजे आकसणाऱ्या भागाला वितळलेला धातू पुरवणाऱ्या साच्यातल्या जागेकडे, शोधावा लागतो. हे सांगू शकतो तो नग मशिनवर चढवणारा माणूस, खरेदी विभागाचे चार अधिकारी नव्हेत. निरोपात कुणाला बोलवायचं याच्या जोडीला कशासाठी तेही सांगितलं की योग्य माणूस येतो. नाहीतर मानाचे पाहुणे येतात आणि ‘आत विचारून सांगतो’ म्हणून कॉल संपतो.

शुक्रवारच्या हीटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, आणि उतावळ्या निरोपात नेमकं तेच गाळलेलं असतं. घाई आपल्याला असते, तिचं कारण आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ते लिहायचं सुचत नाही. समोरच्याला मात्र कारणाशिवाय आलेली घाई दमदाटीसारखी लागते. कारण एका वाक्यात द्यावं, आणि त्यात त्याचाही फायदा दिसावा. ‘अर्जंट आहे’ हे कारण नव्हे.

शेवटच्या ओळीवर मतभेद होऊ शकतो. काही जण लिहितात, ‘उत्तर न आल्यास वेळ मान्य आहे असे समजू.’ सहा महिने सोबत काम करणाऱ्या आतल्या गटात ते चालेल. ग्राहकाला असं लिहिणं म्हणजे त्याच्या गप्प बसण्यावर सही घेणं. ‘मी फोन करतो’ म्हटलं की पुढचं काम आपल्याकडे राहतं आणि त्याला चारची मर्यादाही कळते. अर्थात मग साडेचारला फोन करायचाच. तो विसरला तर आधीचा सगळा नीटनेटकेपणा फुकट.

यावर आपल्या भागातून दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की एवढं लांब कोण वाचतो? पण हुकमी निरोप तोकडा दिसतो तेवढाच. त्याच्या मागे ‘कुठली मीटिंग?’, ‘किती वेळ?’, ‘झूम की फोन?’, ‘कोणकोण?’ असे सुटे सुटे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं येतात, आणि दुपारपर्यंत दहा-बारा तुकड्यांत सांडलेला एक लांब निरोप तयार होतो. त्यातला एकच तुकडा कुणीतरी पुढे पाठवतो. शिवाय ‘सर’, मग ‘उद्या’, मग ‘११ ला’ असं ओळीओळीनं धाडायची जी सवय लागली आहे, तिच्यात समोरचा फोन तीनदा वाजतो आणि तिसऱ्यांदा तो वैतागतो. सगळं एकदाच लिहून पाठवावं.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे: आमची बोलीच रांगडी, ‘येऊन जावा’, ‘सांगा की’ यात आपुलकी आहे, ती पुसून परकं का व्हायचं? आपुलकी आहे यात वादच नाही. कोल्हापूरच्या, निपाणीच्या जुन्या गिऱ्हाइकाला ‘गुरुवारी ११ ला येऊन जावा’ लिहिलं तर तो आनंदानं येईल. पण ती ओळखीवर उभी असते, आणि ती ओळख निरोपासोबत पुढे जात नाही. पुण्याच्या साहेबांनी तो निरोप दिल्लीहून आलेल्या नव्या खरेदी प्रमुखाला दाखवला की तिथे फक्त शब्द पोचतात. वरचा नमुना पाहिला तर बोली पुसावी लागलेली नाही हेही दिसेल. ‘कळलं’, ‘बरं होईल’, ‘फोन करतो’ जागच्या जागी आहेत. गेलं ते फक्त संदिग्ध होतं ते.

याच धाग्यात इंग्रजीचा मुद्दा येतो. सीमाभागातला मराठी माणूस घरी मराठी, बाजारात मराठी-कन्नड आणि ‘ऑफिशियल’ म्हटलं की थेट इंग्रजी असा प्रवास करतो. वाचणारा मराठी नसेल तर इंग्रजीच हवी, आणि धारवाडच्या किंवा बेंगळुरूच्या कन्नड ग्राहकाला कन्नडमधून लिहिता आलं तर त्याहून उत्तम. पण दोन मराठी माणसांनी एकमेकांना मोडक्या इंग्रजीत हुकूम पाठवावेत, यात औपचारिकता कुठली? विनंतीच्या सूक्ष्म छटा आपल्याला मराठीत येतात. ‘ठेवूया का’, ‘ठेवता येईल का’, ‘ठेवायला हवा’, ‘ठेवला आहे’ यांतला फरक इथला दहावीचा मुलगाही जाणतो. परक्या भाषेत तो हातातून निसटतो आणि निरोप पुन्हा हुकमी होतो.

सीमेच्या दोन बाजूंची कॅलेंडरं वेगळी आहेत, ही बेळगावकरांची खास अडचण. महाराष्ट्रात राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा झाला. कर्नाटकात दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे कामाचे. म्हणजे पहिल्या शनिवारी बेळगावचं सरकारी कार्यालय उघडं आणि कोल्हापूरचं बंद. बँका दोन्हीकडे दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी असते, तर बेळगावातली चित्ररथांची मोठी मिरवणूक वैशाखातल्या तिथीप्रमाणे निघते. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी, पुण्यात कामाचा दिवस, आणि त्या दिवशी बेळगावच्या मराठी माणसाचं मन कशात असतं हे सांगायला नको. तरी वेळ ठरवण्याच्या निरोपात त्यातलं काही आणू नये; ‘१ नोव्हेंबरला आमच्याकडे सुट्टी आहे, ३ तारखेला चालेल का?’ एवढं पुरे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तर इथे बैठक ठेवूच नये. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. बाहेरच्या ग्राहकाला हे ठाऊक नसतं, ते आपणच आधी सांगायचं.

समोरासमोर भेटायचं असेल तर अंतराचाही हिशेब घालावा. पुणे ते बेळगाव रस्त्याने साधारण ३४० किलोमीटर. ‘११ ला या’ म्हणजे माणसानं पहाटे चारला घर सोडायचं. दुपारी अडीचची वेळ आणि ‘जेवण इथेच करूया’ हे वाक्य, एवढ्यानं विनंती माणसात येते. परदेशी ग्राहक असेल तर दोन्हीकडची वेळ लिहावी: बेळगावातले दुपारचे अडीच म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही. त्या आठवड्यातले कॉल हटकून चुकतात.

वेळ ठरली की एका ओळीत पक्की करावी आणि मगच कॅलेंडरचं निमंत्रण धाडावं. न विचारता निमंत्रण धाडणं हे ‘लावतो’चंच रूप आहे. आणि वेळ बदलली तर? व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण ज्यानं तो वाचून पुढे सांगितलाय त्याच्यासाठी ती दुरुस्ती म्हणजे सापळा. आधीच्याच निरोपात ११ चे १२ केले तर त्याला काही कळत नाही आणि तो अकराला बसून राहतो. नवा निरोप लिहावा आणि त्यात जुनी वेळही घालावी: ‘गुरुवारी १२ मार्चला सकाळी ११:०० चा कॉल दुपारी ३:३० ला ठेवता येईल का? भट्टीच्या दुरुस्तीमुळे सकाळी सुपरवायझर मोकळे नाहीत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ क्षमा एकदाच, कारणानंतर. चार वेळा मागितली की वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

राहिला एक प्रश्न, जो आपल्या कारखानदारांत सहसा विचारला जात नाही. हा सगळा नीटपणा वरच्या दिशेनंच का? पुण्याच्या साहेबांना पाच परिच्छेद लिहिणारा तोच माणूस पॅटर्न बनवणाऱ्या कारागिराला ‘उद्या ये’ लिहितो. तो कारागीर दुकान बंद करून सकाळी येतो, पॅटर्न मशिनवर अडकलेला असतो, दोन तास बसतो आणि परत जातो. त्याच्या त्या दोन तासांची डेबिट नोट कुणी काढत नाही. वास्तविक त्याला तर कमी शब्द लागतात, पण तेच भाग लागतात: ‘केसिंगच्या पॅटर्नमध्ये रायझरची जागा बदलायची आहे. गुरुवारी, १२ तारखेला संध्याकाळी ५ ला की शुक्रवारी सकाळी ८ ला जमेल? काम अंदाजे तासाभराचं. पॅटर्न खाली काढून ठेवतो, हत्यारं घेऊन या.’